तीन आकड्यांवर उभी टक्केवारी

महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, तर जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा भेटते. घरच्यांना नेमकी तारीख ठाऊक नसायची, पहिलीत घालायचे तर सहा वर्षे पूर्ण हवीत आणि शाळा तर जूनमध्येच सुरू व्हायची. मग गुरुजी सहा वर्षे मागे मोजून १ जून लिहीत. जन्मदाखले सहज मिळू लागले तसे हे बरेच कमी झाले. पण जिथे बाळंतपण घरी झाले आणि नोंद राहून गेली, तिथे अशी अंदाजाची तारीख आजही सापडते. एरवी तिचा फारसा त्रास होत नाही. मुलांच्या पोषणाचे सर्वेक्षण करायला निघालेल्या पथकाला मात्र ही एक तारीख पुरती चकवू शकते.

एक मुलगा घेऊ. उंची १२८ सेंटिमीटर, वजन २३ किलो. रजिस्टरप्रमाणे तो आज बरोबर ११ वर्षांचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात ११ वर्षांच्या मुलाची मधली उंची १४३.१ सेंटिमीटर आहे आणि १२९.७ च्या खाली गेलेला मुलगा खुजा, म्हणजे वाढ खुंटलेला, धरला जातो. हा मुलगा खुजा ठरला. आता वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की त्याचा बीएमआय १४.० येतो. ११ वर्षांच्या मुलासाठी कृशतेची रेषा १४.१ वर आहे, म्हणजे तो कृशही ठरला. पण पहिलीत घालताना त्याचे वय एक वर्षाने वाढवून लिहिले असेल आणि तो खरा १० वर्षांचा असेल तर? १० वर्षांसाठी खुजेपणाची रेषा १२५.० सेंटिमीटर आणि कृशतेची रेषा १३.७ आहे. तोच मुलगा, तेच माप, आणि आता तो खुजाही नाही व कृशही नाही.

खुजेपणा किंवा कृशता थेट मोजणारे कोणतेच उपकरण नाही. मोजली जाते ती उंची आणि वजन, विचारली जाते ती जन्मतारीख, आणि या तीन आकड्यांतून बाकीचे सगळे हिशेबाने निघते. त्या वयाच्या आणि त्याच लिंगाच्या निरोगी मुलांमध्ये उंची सरासरीच्या आसपास किती पसरलेली असते, त्या पसाऱ्याचे एक एकक काढतात. त्याला प्रमाण विचलन म्हणतात. ११ वर्षांच्या मुलांसाठी ते ६.७ सेंटिमीटर आहे. एखादे मूल मधल्या आकड्यापासून किती एकके खाली किंवा वर आहे, तो त्याचा झेड-स्कोअर. वयानुसार उंचीचा झेड-स्कोअर उणे दोनच्या खाली गेला की खुजेपणा, वयानुसार बीएमआयचा उणे दोनच्या खाली गेला की कृशता आणि उणे तीनच्या खाली गेला की तीव्र कृशता. मोठ्या माणसांसाठी वापरली जाणारी १८.५ ची बीएमआय-रेषा शाळकरी मुलांना लावायची नसते. ती लावली तर प्राथमिक शाळेतली धडधाकट मुलेही कृशांच्या यादीत जाऊन बसतात, कारण १० वर्षांच्या मुलाचा मधला बीएमआयच १६.४ असतो.

या वयाची माहिती मुळातच तुटपुंजी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची मुले आणि १५ वर्षांवरचे स्त्री-पुरुष यांची मापे घेतली जातात. मधली शाळकरी वर्षे सुटतात. ती भरून काढणारा मोठा प्रयत्न म्हणजे २०१६ ते २०१८ या काळातले व्यापक राष्ट्रीय पोषण सर्वेक्षण. त्यात देशातल्या ५ ते ९ वर्षांच्या मुलांपैकी २२ टक्के खुजी आणि २३ टक्के कृश आढळली. पण हा आकडा देशाचा. जव्हार किंवा मोखाड्यातल्या गटशिक्षणाधिकाऱ्याला आपल्या तालुक्याचे चित्र हवे असेल, तर त्यातून ते मिळत नाही.

शाळांमध्ये दरवर्षी आरोग्य तपासणी होतेच की, असे कुणी म्हणेल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवातच फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून झाली आणि त्याची वैद्यकीय पथके शाळांत जाऊन मुलांची उंची-वजनही घेतात. पण त्या तपासणीचा हेतू वेगळा आहे. आजारी किंवा व्यंग असलेले मूल शोधून पुढे उपचाराला पाठवायचे, यासाठी ती आहे. एका दिवसात शंभराहून जास्त मुले पाहायची असतील तर प्रत्येकाची उंची मिलिमीटरपर्यंत नीट घेणे शक्य नसते. उलट सर्वेक्षणाला सगळी मुले लागतच नाहीत. थोडी मुले, पण नीट निवडलेली आणि नीट मोजलेली, एवढेच त्याला हवे असते.

थोडी म्हणजे किती, हे पालघर जिल्ह्यातल्या एका कल्पित तालुक्यावर ठरवून पाहू. पहिली ते आठवीत मिळून २४,००० मुले आहेत असे धरू. कृशता साधारण २५ टक्के असेल असा अंदाज आहे आणि उत्तर पाच टक्के इकडे-तिकडे चालेल. मुले तालुकाभरातून एकेक करून चिठ्ठीने काढता आली असती, तर २८८ मुले पुरली असती. पण तसे करता येत नाही. मुलांपर्यंत पोहोचायचे ते शाळेतून आणि एका शाळेतली मुले एकमेकांसारखी असतात: तोच पाडा, तीच शेती, तेच पाणी, तीच शाळेतली खिचडी. सहा शाळांत जाऊन प्रत्येकी ४८ मुले मोजली तरी २८८ होतात आणि कामही चार-सहा दिवसांत उरकते. मात्र मुलांमधला हा सारखेपणा ०.०५ इतका माफक धरला, तरी त्या २८८ मुलांतून मिळणारी माहिती सुट्या निवडलेल्या ८६ मुलांइतकीच भरते. मोजणीचे कष्ट तेवढेच, पण दोन-तृतीयांशाहून जास्त माहिती वाया.

म्हणून शाळा वाढवायच्या आणि दर शाळेतली मुले कमी करायची. प्रत्येक शाळेतून २० मुले घेतली तर सारखेपणामुळे नमुना १.९५ पट करावा लागतो. २८८ चे ५६२ होतात. दहापैकी एक मूल गैरहजर असेल किंवा पालक नको म्हणतील, हे गृहीत धरून आकडा ६२४ वर जातो. ३२ शाळा, प्रत्येकी २० मुले, एकूण ६४० असा आराखडा बसतो.

या ३२ शाळा कोणत्या? इथे पहिला मोह रस्त्यालगतच्या शाळांचा असतो आणि दुसरा, जिथले मुख्याध्यापक ओळखीचे आहेत त्या शाळांचा. दोन्ही टाळण्याचा मार्ग म्हणजे यू-डायसची यादी. तालुक्यातली प्रत्येक शाळा तिथे तिच्या ११ अंकी क्रमांकासह आणि पटासह नोंदलेली असते. जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा, अनुदानित आणि खासगी शाळा अशा गटांत ही यादी लावायची म्हणजे निवड करताना एखादा प्रकार पूर्ण सुटत नाही. मग पटाची बेरीज करत खाली जायचे: पहिल्या शाळेत ६० मुले, दुसरीत ४५, तर दुसरीपुढे १०५, तिसरीत २१०, तर तिच्यापुढे ३१५. शेवटच्या शाळेपुढे २४,००० येतील. त्यांना ३२ ने भागले की ७५०. आता १ ते ७५० मधला एक आकडा चिठ्ठीने काढायचा. समजा ४१२ आला. बेरजेच्या रकान्यात ४१२ वे मूल ज्या शाळेत पडते ती पहिली शाळा. मग ७५० मिळवून १,१६२ वे मूल, मग १,९१२ वे, असे शेवटपर्यंत.

या पद्धतीत मोठ्या शाळेला निवडले जाण्याची संधी तिच्या पटाइतकी जास्त मिळते. उलट ती निवडली गेली की तिच्यातली मुले २० च असल्याने प्रत्येक मुलाची संधी तेवढीच घटते. दोन्ही एकमेकांना छेदतात आणि तालुक्यातल्या प्रत्येक मुलाला, मग ते ७०० पटाच्या आश्रमशाळेतले असो की ४० पटाच्या गावशाळेतले, सारखीच संधी उरते: २४,००० मध्ये ६४०. त्यामुळे शेवटी टक्केवारी काढताना कुणाला जास्त-कमी वजन देण्याचा खटाटोप उरत नाही.

डोंगराळ तालुक्यात या सुबक गणिताला एक अडचण येते. पाड्यांवरच्या कितीतरी वस्तीशाळांचा पटच २० पेक्षा कमी असतो. तिथे २० मुले कुठून आणायची? अशा शाळा यादीतून वगळल्या तर सर्वांत दुर्गम, बहुधा सर्वांत कुपोषित मुलेच बाहेर पडतात आणि तालुक्याचे चित्र उजळ दिसू लागते. उपाय निवडीच्या आधीच करायचा असतो. अशी छोटी शाळा त्याच केंद्रातल्या शेजारच्या शाळेला जोडून दोघींचा मिळून एक गट करायचा आणि यादीत तो एकच धरायचा. कोणती शाळा कुठे जोडायची हे केंद्रप्रमुखाइतके दुसऱ्या कुणाला कळत नाही. निवड झाल्यावर अशा जोड्या लावायला बसले, तर मात्र तो हिशेब कोलमडतो.

शाळेत पोहोचल्यावर पथकाने हजेरीपट मागायचा. वर्गात दिसणाऱ्या मुलांतून निवड करायची नाही. पट १८० असेल तर दर नववे मूल, पहिला क्रमांक चिठ्ठीने. यादी इयत्तावार असल्याने पहिलीपासून आठवीपर्यंतची मुले आपोआप येतात. शिक्षक मदत म्हणून काही मुले पुढे करतात. बहुतेक वेळा ती नीटनेटकी, धीट आणि अंगापिंडाने बरी असतात. त्यांना नम्रपणे थांबवावे लागते. ज्याचे नाव निघाले तो गैरहजर असेल तर त्याच्या जागी शेजारचा घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. जे मूल वारंवार शाळेत नसते, ते का नसते हे बहुधा त्याच्या पोटाशी आणि प्रकृतीशी जोडलेले असते. त्याच्या जागी हजर मूल घेतले तर नेमकी तीच माहिती पुसली जाते.

याच कारणासाठी महिना जपून निवडावा लागतो. पालघरमधली अनेक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत सर्वेक्षण केले तर पटावर नाव असलेली मुले भट्टीवर असतील. बीडसारख्या जिल्ह्यात हीच गोष्ट ऊसतोडीच्या हंगामात घडते. जुलै ते सप्टेंबरमध्ये मुले गावात सापडतात, पण तेव्हा घरातले धान्य आटलेले असते आणि ताप-जुलाब वाढलेले असतात, त्यामुळे वजने थोडी कमी भरतात. दोन्ही अडचणींतून पूर्ण सुटका नाही. पावसाळा निवडला तर अहवालात तसे लिहायचे आणि दोन वर्षांनी पुन्हा मोजायचे झाले तर त्याच महिन्यांत मोजायचे.

आता माप. शाळांमध्ये भिंतीवर टेप चिकटवून उंची घेण्याची पद्धत सर्रास दिसते. भिंतीला खाली फरशीची पट्टी असली की टाच भिंतीला टेकत नाही. टेपचा शून्य जमिनीपासून सेंटिमीटरभर वर चिकटला तर सगळी शाळा सेंटिमीटरभर बुटकी होते. आणि ही चूक एकाच दिशेने जात नाही, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते. सुरुवातीचा तो ११ वर्षांचा ठरलेला मुलगा १२८ ऐवजी १२७ नोंदला गेला तर त्याचा खुजेपणा आणखी वाढतो, पण बीएमआय १४.० वरून १४.३ वर जातो आणि तो कृशांच्या यादीतून बाहेर पडतो. एकाच चुकीने एक टक्केवारी फुगते आणि दुसरी आक्रसते. एका शाळेत खुजेपणा अचानक जास्त आणि कृशता अचानक कमी दिसली, तर मुलांविषयी निष्कर्ष काढण्याआधी तिथला टेप तपासावा.

त्यामुळे स्वतःचा तळ असलेला, लाकडी किंवा धातूचा स्टेडिओमीटर बरोबर न्यायचा. तो सपाट जागी ठेवायचा. वर्गाची जमीन उंचसखल असेल तर खाली प्लायवूडची जाड फळी टाकायची. मूल अनवाणी उभे राहते. टाचा, नितंब आणि खांदे पाठच्या फळीला टेकलेले, गुडघे सरळ, डोळ्याच्या खोबणीची खालची कड आणि कानाच्या छिद्राची वरची कड एका आडव्या रेषेत. मुले हमखास हनुवटी वर करून उंच व्हायला पाहतात आणि त्याने डोके मागे कलंडून माप उलट कमी येते. मुलींच्या दोन वेण्या आणि रिबिनी कानाशी असतील तर अडचण नाही, पण माथ्यावरचा अंबाडा किंवा जाड पिन सोडावी लागते. मोजणाऱ्याचे डोळे सरकपट्टीच्या पातळीवर हवेत, नाहीतर तिरप्या नजरेने चार-पाच मिलिमीटर सहज चुकतात. एकाने मोजायचे, दुसऱ्याने लिहायचे आणि लिहिलेला आकडा परत म्हणून दाखवायचा.

वेळही सारखी हवी. सकाळी उठल्यापासून पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबत जातात आणि दिवसभरात उंची सेंटिमीटरभर कमी होऊ शकते. वजन खिचडीच्या आधी घेतलेले बरे. डिजिटल काटा १०० ग्रॅमपर्यंत दाखवणारा असावा आणि रोज सकाळी वैधमापनाचा शिक्का असलेल्या वजनांनी तपासावा. गणवेश काढता येत नाही, पण बूट, पट्टा, स्वेटर आणि खिशातल्या गोट्या काढता येतात. उरलेल्या गणवेशाचे सरासरी वजन वेगळे घेऊन वजा करायचे. ही किरकोळ बाब नाही: १३० सेंटिमीटर उंचीच्या मुलात ४०० ग्रॅमने बीएमआय ०.२४ ने वाढतो आणि तालुक्याची कृशता २१ टक्के असेल तर एवढ्यानेच ती १६ च्या आसपास दिसू शकते.

वजन घेताना आकडा मोठ्याने पुकारायचा नाही. सातवी-आठवीच्या मुलींना बाईनेच, आडोशाला मोजायचे. वर्गासमोर ‘बावीस किलो’ ऐकून हसे झालेले मूल पुढच्या वेळी गैरहजर राहते. तो त्या मुलावरचा अन्याय तर आहेच, शिवाय नमुन्यातली गळतीही आहे.

एवढे नियम पाठ झाले तरी दोन माणसे एकाच मुलाला सारखे मोजतील याची हमी नसते, म्हणून पथक गावात जाण्याआधी त्याची परीक्षा घेतात. दहा मुले बसवतात. प्रत्येक मोजणारा दहाही मुलांची उंची घेतो आणि थोड्या वेळाने, पहिले आकडे न पाहता, पुन्हा घेतो. समजा एकीच्या दोन मापांतले फरक दहा मुलांमध्ये २, ५, ०, ३, ८, १, ४, २, ६ आणि ३ मिलिमीटर आले. या फरकांचे वर्ग करून बेरीज घ्यायची: १६८. तिला मुलांच्या दुपटीने, म्हणजे २० ने भागायचे: ८.४. त्याचे वर्गमूळ २.९ मिलिमीटर. याला मापनाची तांत्रिक चूक म्हणतात. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांच्या सर्वेक्षणांसाठी ही चूक ६ मिलिमीटरच्या आत हवी असे सांगितले. शाळकरी मुलांसाठीही ती मर्यादा धरायला हरकत नाही. ही मोजणारी पास झाली. आता तिचा ८ मिलिमीटरचा एकच फरक २८ असता, तर बेरीज ८८८ झाली असती आणि चूक ६.७ मिलिमीटरवर गेली असती. नऊ मुले उत्तम मोजूनही ती नापास. असे एकच मोठे अंतर बहुतेक वेळा हाताचे नसून वाचण्याचे असते. १२५ च्या जागी १२८ वाचलेले असते. तिला तेवढेच दाखवून पुन्हा परीक्षा घ्यायची.

दुसरी कसोटी मोजणाऱ्यांच्या प्रमुखाशी तुलनेची. कुणी दोन्ही वेळा अगदी सारखे मोजते, पण दोन्ही वेळा सेंटिमीटरभर कमी, कारण सरकपट्टी जोरात दाबायची सवय. अशी चूक स्वतःशी तुलना करून कधीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९९७ ते २००३ मध्ये सहा देशांत, भारतात दक्षिण दिल्लीत, वाढीचा जो मोठा अभ्यास केला, त्यात प्रत्येक मुलाला दोन जणांनी स्वतंत्रपणे मोजले आणि उंचीत ७ मिलिमीटरपेक्षा किंवा वजनात १०० ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला की दोघांनी माप पुन्हा घेतले. तालुक्याच्या सर्वेक्षणात प्रत्येक मुलासाठी हे जमणार नाही, पण दर शाळेत दोन-तीन मुलांना दोघांनी मोजणे जमते.

वय मात्र परीक्षेने सुधारत नाही. ते शोधावे लागते. आधी जन्मदाखला, तो नसेल तर माता-बाल संरक्षण कार्ड, तेही नसेल तर जनरल रजिस्टर, आणि तारीख कुठून घेतली तेही लिहायचे. मोजणीची तारीख आणि जन्मतारीख दोन्ही पूर्ण लिहिल्या की वय दिवसांत निघते. ‘वय वर्षे १०’ असे पूर्ण वर्षांत लिहिण्याची सवय फार महागात पडते. साडेदहा आणि पावणेअकरा वर्षांची मुलेही मग दहाच्या रेषेशी ताडली जातात, सगळी सरासरीने सहा महिन्यांनी लहान होतात आणि तेवढी उंच भासतात. खरा खुजेपणा १६ टक्के असेल, तर या एका सवयीने तो ९ टक्क्यांच्या आसपास उतरतो. कुणीही खोटे लिहिलेले नसते, तरी तालुक्यातला जवळपास निम्मा खुजेपणा कागदावरून नाहीसा होतो.

माहिती संगणकात भरल्यावर ती स्वतःविषयी बरेच सांगते. ६०० मुलांमध्ये १ जूनला जन्मलेली एक-दोनच असायला हवीत. ४० निघाली तर वयाच्या आकड्यांवर विसंबता येणार नाही. उंचीचा शेवटचा अंक शून्य किंवा पाच असलेली मुले पाचात एक असावीत. निम्मी असतील तर कुणीतरी मिलिमीटर न वाचता गोळाबेरीज केली आहे आणि मोजणाऱ्याच्या क्रमांकावरून कुणी ते कळते. झेड-स्कोअर काढायला जागतिक आरोग्य संघटनेची अँथ्रोप्लस ही मोफत प्रणाली आहे. उंचीचा स्कोअर सहा एककांपलीकडे किंवा बीएमआयचा पाचांपलीकडे गेला की ती प्रणाली तो आकडा अशक्य म्हणून बाजूला काढते. असे आकडे आधी मूळ फॉर्मशी ताडून पाहायचे.

सर्वांत बोलका पुरावा मात्र पसाऱ्याचा. झेड-स्कोअरचा पसारा साधारण एकाच्या जवळपास असतो. मोजण्यातल्या आणि वयातल्या विस्कळीत चुका सरासरी फारशी हलवत नाहीत, पण पसारा रुंद करतात, आणि पसारा रुंदावला की उणे दोनच्या रेषेखाली जास्त मुले सांडतात. सरासरी उणे एक असेल तर पसारा १.० असताना १६ टक्के मुले खुजी ठरतात, पसारा १.२ झाला की २० टक्के. वरची चार टक्के मुले कुपोषणाने नव्हे, निष्काळजीपणाने खुजी झालेली असतात. म्हणून टक्केवारीसोबत सरासरी आणि पसारा छापायलाच हवा. तो न छापणाऱ्या अहवालावर विश्वास ठेवू नये, असे स्पष्ट म्हणायला हवे.

आता निकाल लिहायचा. समजा ६४० पैकी ६०० मुले मोजली गेली आणि त्यांत १३८ कृश निघाली, म्हणजे २३ टक्के. शाळांच्या गटांतून निवड केल्याचा परिणाम धरला की खरा आकडा १८.३ ते २७.७ च्या दरम्यान असावा, असे ९५ टक्के खात्रीने म्हणता येते. हा परिणाम विसरून सरळ सूत्र वापरले तर १९.६ ते २६.४ असा फसवा नेमकेपणा मिळतो. हे केवळ संख्याशास्त्राचे सोवळे नाही. दोन वर्षांनी पुन्हा मोजून १९ टक्के आले, तर ‘कृशता चार टक्क्यांनी घटली’ अशी बातमी होते आणि एखादी पोषण योजना यशस्वी जाहीर होते. या आकाराच्या दोन नमुन्यांत साडेसहा टक्क्यांपर्यंतचा फरक नुसत्या निवडीच्या योगायोगाने पडू शकतो, त्यामुळे त्या चार टक्क्यांवरून घट झाली असे म्हणता येत नाही.

मुलगे आणि मुली, ६ ते ९ आणि १० ते १४ वर्षे असे चार गट वेगळे दाखवणे गरजेचे असते. किशोरवयात उंचीची झेप कधी येते यावर बरेच अवलंबून असते. जिथे मुले उशिरा वयात येतात, तिथे १२-१३ वर्षांच्या मुली तक्त्यापेक्षा खूप मागे दिसतात आणि पुढे त्यातले थोडे अंतर भरून निघते. प्रत्येक गटात साधारण १५० मुले येत असल्याने तिथली मर्यादा सात-आठ टक्के इकडे-तिकडे असेल, हेही त्याच तक्त्यात लिहावे लागते. एकेका शाळेची टक्केवारी तर छापूच नये. २० मुलांवरून शाळांची क्रमवारी लावणे म्हणजे मुख्याध्यापकांना विनाकारण आरोपी करणे.

कोणता तक्ता वापरला तेही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेचा २००७ चा तक्ता १९७७ च्या अमेरिकी मुलांच्या मापांवर उभा आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये ५ ते १८ वर्षांसाठी भारतीय मुलांवरून वेगळे तक्ते प्रसिद्ध केले. त्यामागच्या कामात पुण्यातल्या संशोधकांचा मोठा वाटा होता. दवाखान्यात एका मुलाची वाढ पाहताना डॉक्टर तेच वापरतात. पण तेच सहाशे आकडे दोन तक्त्यांवर दोन वेगळ्या टक्केवाऱ्या देतात. राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाशी तुलना करायची असेल तर २००७ चाच तक्ता लागतो. खुजी आणि कृश मुले बेरीज करून ‘कुपोषित’ म्हणून एक आकडा देण्याची चूकही टाळावी; काही मुले दोन्ही असतात आणि ती दोनदा मोजली जातात. खुजेपणा बहुधा पहिल्या दोन-तीन वर्षांतल्या उपासमारीचा आणि आजारांचा माग असतो, तर कृशता अलीकडच्या महिन्यांची. दोघांवरचे उपाय एक नाहीत.

एवढ्यानंतर अहवालातले मुख्य वाक्य असे उतरते: पावसाळ्यात पालघर जिल्ह्यातल्या अमुक तालुक्यात पहिली ते आठवीच्या शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी २३ टक्के कृश आहेत, मर्यादा १८.३ ते २७.७, निवडलेल्या ६४० पैकी ६०० मोजली गेली, तक्ता जागतिक आरोग्य संघटनेचा, २००७. शाळेत नावच नसलेल्या मुलांविषयी हे वाक्य काही सांगत नाही आणि तसे अहवालात लिहायचे असते.

ज्या मुलांचा बीएमआय उणे तीनच्या खाली निघाला, त्यांची नावे कोणत्याही तक्त्यात येत नाहीत. ती त्याच दिवशी, शाळा सोडण्यापूर्वी, बंद पाकिटात मुख्याध्यापकांकडे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राकडे जातात, म्हणजे बाल स्वास्थ्याचे पथक पुढच्या फेरीत त्या मुलांपर्यंत पोहोचू शकते. पालकांची परवानगी घेताना हे आधीच सांगितलेले असावे लागते.